मान वाकते ती डोळ्यांमागून

दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवं झालं की सूचना सुरू होतात. "जरा वर सरका, हनुवटी वर करा, मान डावीकडे वळवा." पेशंटला वाटतं, दात नीट दिसावा म्हणून हे चाललंय. ते खरंच आहे, पण अर्धंच. आपण दोन इंच वर सरकतो की नाही, यावर त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांची मान किती दुखणार हेही ठरत असतं. दात काढणं, दाढेत सिमेंट भरणं, रूट कॅनाल, कॅप बसवणं ही कामं नाजूक आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती करणाऱ्याच्या शरीराला पडणारे कष्ट फारसे कुणाच्या ध्यानात येत नाहीत, कारण बाहेरून पाहिलं तर माणूस दिवसभर बसलेलाच असतो.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २००९ साली एक आढावा प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये ६४ ते ९३ टक्के दंतवैद्यकांनी स्नायू-सांध्यांचं दुखणं असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यात मान नि पाठ पुढे होती. यांतली बरीच मंडळी व्यायाम करणारी असतात. गादी बदलून, उशी बदलून झालेली असते. पण दुखण्याचं मूळ घरी नसतंच. ते क्लिनिकमधल्या भूमितीत असतं.

मोठ्या माणसाचं तोंड पूर्ण उघडलं तरी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये चार-पाच सेंटीमीटरच जागा होते. त्या फटीतून आत, गालाच्या आड, शेवटच्या दाढेपर्यंत पाहायचं असतं. वरच्या पहिल्या दाढेत रूट कॅनालचं चौथं तोंड शोधायचं असेल, तर ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असू शकतं. दिसत नाही म्हटलं की डोळे पुढे जातात. डोळे पुढे गेले की डोकं जातं, डोक्यामागून मान आणि मग पाठ. "सरळ बसा" हा सल्ला त्यामुळे फुकट जातो. सरळ बसून दात दिसत नसेल तर कुणीही वाकणारच, आणि वाकायलाच हवं, कारण समोर पेशंट आहे. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की न वाकता दात दिसायला काय काय जागेवर असायला हवं?

आधी वाकण्याची किंमत पाहू. आपलं डोकं साधारण पाच किलोचं. मान ताठ असते तेव्हा हे वजन मणक्यांवर सरळ उतरतं. मान पुढे झुकली की तेच वजन हात लांब करून धरलेल्या पाच किलोंच्या पिशवीसारखं होतं: पिशवी तीच, पण खांद्याला ती भारी लागते. न्यू यॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर याचा हिशेब मांडला. मान १५ अंशांत झुकली तर मणक्यांवर सुमारे १२ किलोंचा भार येतो, ३० अंशांत १८, ४५ अंशांत २२ आणि ६० अंशांत २७ किलोंचा. हा हिशेब गणिती आहे, जिवंत माणसाच्या मानेत काटा घालून मोजलेला नाही, त्यामुळे आकडे तंतोतंत धरू नयेत. पण तो कुठल्या दिशेने वाढत जातो ते त्यातून कळतं. मान फार तर २०-२५ अंश झुकावी, असं दंतवैद्यकांना सांगितलं जातं ते याच कारणाने.

वाकण्याहून वाईट गोष्ट म्हणजे वाकून थांबणं. स्नायू आखडतो नि सैल पडतो तेव्हा त्यात रक्त खेळतं. तोच स्नायू वीस मिनिटं एकाच ताणात राहिला तर आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि थकवा साचत जातो. दंतवैद्यकाच्या मानेच्या मागचे आणि खांद्याला जोडणारे स्नायू नेमके असेच धरून बसतात, कारण हात हलला तर ड्रिल घसरेल. शिवाय वाकणं क्वचितच नुसतं पुढचं असतं. उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर बहुतेक वेळा मान पुढे, थोडी एका बाजूला कलती आणि थोडी वळलेली अशी ठेवतो. आरसा धरलेला डावा हात वर उचललेला असतो. म्हणूनच पुष्कळांना एकाच बाजूचा खांदा जास्त छळतो.

एके काळी दंतवैद्यक उभ्यानेच काम करत. पेशंट खुर्चीत बसलेला, डॉक्टर शेजारी उभा आणि एका पायावर भार देऊन वाकलेला. १९५० नंतर पेशंटला पूर्ण आडवं करणाऱ्या खुर्च्या आल्या आणि डॉक्टर स्टुलावर बसला. पाय सुटले, पण दुखणं सुटलं नाही, नुसतं वर सरकलं. त्याच सुमारास जपानमध्ये काम करणाऱ्या डॅरिल बीच या अमेरिकन दंतवैद्यकाने उलट्या बाजूने विचार केला. पेशंटला आधी निजवायचं आणि मग डॉक्टरने त्याच्याभोवती जुळवून घ्यायचं, हा क्रमच त्याला मान्य नव्हता. त्याची रीत साधी होती. समोर कुणीही नसताना स्टुलावर आरामात बसा, डोळे मिटा, बारीक काम करताना बोटं शरीरासमोर जिथे आपोआप येतात तिथे आणा. आता डोळे उघडा. जिथे बोटं आहेत तिथे पेशंटचा दात आला पाहिजे. या विचारातून त्याने जपानी कंपनीबरोबर पलंगासारखी सपाट खुर्ची घडवली. बीचची ही चाचणी आजही करून पाहण्यासारखी आहे. बहुतेकांची बोटं कोपराच्या उंचीला किंवा त्याहून थोडी वर, छातीच्या मधोमध येतात. आणि बहुतेक क्लिनिकमध्ये पेशंटचं तोंड तिथे नसतं.

ते तिथे का नसतं? सेंटीमीटरमध्ये मांडून पाहिलं की उलगडतं. समजा, सव्वापाच फुटांच्या आतल्या उंचीची एक दंतवैद्यक आहे. पाय जमिनीला टेकून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून ती नेहमीच्या गोल स्टुलावर बसली, तर बैठक जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर येईल. बसल्यावर कोपर बैठकीपासून साधारण २० सेंटीमीटर वर, म्हणजे ६० वर. आता पेशंटकडून मोजू. मांडीची जाडी १३, म्हणजे मांडीचा वरचा भाग ५३ वर. त्यावरून खुर्चीचा डोकं टेकायचा भाग जायला हवा. तो पातळ असला तरी सहा सेंटीमीटरचा. झाले ५९. त्यावर पेशंटचं डोकं, आणि डोक्याच्या मागच्या भागापासून तोंडापर्यंत सुमारे १८ ते १९. म्हणजे तोंड ७८ च्या आसपास आणि कोपर ६० वर. हा अठरा सेंटीमीटरचा फरक भरून काढायला ती खांदे उचलते, कोपरं पंखांसारखी बाहेर काढते आणि दिवसभर तशीच राहते. खुर्चीची पाठ जुन्या घडणीची, जाडजूड असेल तर फरक आणखी वाढतो. मग गुडघे आत जात नाहीत म्हणून ती लांब बसते आणि लांबून वाकते.

यावर उपाय म्हणून घोड्याच्या खोगिरासारखी बैठक असलेली स्टुलं आली. त्यांना सॅडल स्टूल म्हणतात. त्यावर पाय फाकवून, उंच बसायचं असतं. मांड्या जमिनीला समांतर न राहता गुडघ्याकडे उतरत्या होतात. बैठक ४० ऐवजी ५४ वर गेली की कोपर ७४ वर येतं. गुडघे मात्र खालीच राहतात, त्यामुळे खुर्चीचा डोक्याकडचा भाग त्यांच्यावरून सहज जातो आणि तोंड ७८ वरच राहू शकतं. अठराचा फरक चारावर आला. आणखी एक फायदा कमरेला होतो. मांडी आणि धड यांच्यात काटकोन झाला की ओटीपोटाचं हाड मागे कलंडतं आणि कमरेची नैसर्गिक आतली कमान सपाट होते. कोन मोठा, म्हणजे १२५-१३० अंशांच्या पुढे, ठेवला तर कमान आपोआप टिकते, त्यासाठी पाठीला मुद्दाम ताठ धरावं लागत नाही. पहिले काही आठवडे मांडीच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या हाडांना रग लागते. ज्यांच्या खुब्यात दोष आहे त्यांना हे स्टूल मानवत नाही. आणि एक गंमत अशी की पुष्कळ जण सॅडल स्टूल घेतात आणि उंची मात्र जुन्या स्टुलाचीच ठेवतात. मग त्याचा उपयोग शून्य.

आता पेशंटची पाळी. वरच्या उजव्या बाजूची पहिली दाढ घेऊ. दंतवैद्यक तिला 'सोळा नंबर' म्हणतात, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याला ती अवघड. या दाढेसाठी खुर्ची पूर्ण सपाट हवी. पेशंटची टाळू डोकं टेकायच्या गादीच्या अगदी टोकाला हवी, म्हणूनच ते "वर सरका". पेशंट खाली राहिला तर डॉक्टर आणि तोंड यांच्यामध्ये रिकाम्या गादीचा तुकडा उरतो आणि तेवढं अंतर कमरेतून पुढे झुकून भरावं लागतं. मग गादीचा कोन असा बदलायचा की हनुवटी वर जाईल आणि वरच्या दातांची ओळ जमिनीला जवळजवळ काटकोनात उभी राहील, किंवा त्याहूनही थोडी मागे झुकेल. डॉक्टर पेशंटच्या डोक्यामागे बसतो. घड्याळाची तबकडी कल्पून, बाराचा आकडा पेशंटच्या डोक्याकडे धरला, तर अकरा ते बाराच्या मध्ये. दाढेचा चावणारा भाग तो आरशातून पाहतो. दाढेची गालाकडची बाजू हवी असेल तर पेशंटला मान डावीकडे वळवायला सांगतो. दात वळतो, डॉक्टर वळत नाही.

खालच्या दाढेसाठी हीच मांडणी चालत नाही, आणि चूक इथेच होते. खालच्या दाताला खुर्चीची पाठ २०-३० अंश उचलावी, हनुवटी छातीकडे आणावी, म्हणजे खालच्या दातांची ओळ जमिनीला समांतरच्या जवळ येते आणि वरून सरळ दिसते. पाठ उचलली की तोंडही वर जातं, म्हणून अख्खी खुर्ची तेवढी खाली घ्यावी लागते. ही दोन बटणं दाबायला दहा सेकंद लागतात. पण दिवसाला पंधरा-वीस पेशंट असले की डॉक्टर खुर्ची एकाच ठिकाणी ठेवतो आणि बदल स्वतःच्या मानेत करतो.

इतकं जमलं तरी डोळ्यांची भूक उरतेच, आणि तिथे लूप येतो. चष्म्याच्या काचांवर बसवलेल्या दोन छोट्या दुर्बिणी, मध्ये बहुतेकदा एक दिवा. पेशंटला वाटतं हा दात मोठा दिसण्यासाठी आहे. तो आहेच, पण मानेच्या दृष्टीने त्याचा महत्त्वाचा गुण वेगळा आहे: लूपमधून ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट दिसतं. साध्या डोळ्यांनी आपण ४५ सेंटीमीटरवरूनही पाहतो आणि २० वरूनही, म्हणून नकळत पुढे पुढे सरकत जातो. लूप लावला की पुढे सरकलं तर चित्र धूसर होतं आणि डोकं आपोआप मागे येतं. पण हेच दुधारी आहे. लूपचं अंतर चुकीचं बनवलं असेल तर तो रोज, न चुकता, चुकीच्या जागी आणून बसवतो.

त्याचाही हिशेब करू. समजा, नीट बसल्यावर एखाद्या डॉक्टरचे डोळे आणि पेशंटचा दात यांच्यात ४५ सेंटीमीटर अंतर आहे. प्रदर्शनातल्या स्टॉलवर उभ्या उभ्या माप दिलं आणि लूप ३५ चा बनून आला. आता स्पष्ट दिसायला डोळे दहा सेंटीमीटर पुढे न्यावे लागणार. मानेच्या तळापासून डोळ्यांपर्यंत वीसेक सेंटीमीटर धरले, तर नुसत्या मानेने हे दहा सेंटीमीटर भरायला तिला सुमारे ३० अंश वाकावं लागतं. प्रत्यक्षात थोडं मान वाकते, थोडी पाठ. म्हणून माप स्वतःच्या क्लिनिकमध्ये, स्वतःच्या स्टुलावर, खुर्चीवर कुणाला तरी निजवून आणि बाजूने दुसऱ्या माणसाने टेप धरून घ्यायचं असतं. उंच माणसाला लांब अंतराचा लूप लागतो, हे दुकानदाराने न विचारता सांगितलं पाहिजे. सगळेच सांगतात असं नाही.

दुसरं माप दुर्बिणीच्या उताराचं. त्याला डिक्लिनेशन म्हणतात. डोकं ताठ असताना नजर किती खाली वळलेली आहे, तो हा कोन. यात नुसती बेरीज आहे. दात पाहायला नजर समजा ६० अंश खाली न्यायची आहे. दुर्बीण ४० अंश उतरती बसवली असेल तर डोक्याला उरलेले २० झुकावं लागेल, आणि तेवढं चालतं. दुर्बीण २५ अंशच उतरती असेल तर डोकं ३५ झुकणार. मग लूप कितीही महागाचा असो, मान दुखणारच. काचेत कायम घट्ट बसवलेल्या लूपमध्ये हा कोन बनवतानाच ठरतो आणि नंतर बदलता येत नाही. बिजागरीवरच्या, वर उचलता येणाऱ्या लूपमध्ये तो बदलता येतो, पण त्याचं वजन काचेपासून पुढे लोंबतं आणि नाकावर जास्त येतं.

उतार वाढवायलाही मर्यादा आहे, कारण डोळे ताण न देता फार खाली वळू शकत नाहीत. ती मर्यादा ओलांडणारे लूप आता मिळतात. त्यांच्या आतल्या लोलकांमुळे प्रकाश वळून येतो. डॉक्टर जवळजवळ समोर पाहतो आणि दिसतं खालचं तोंड. मानेसाठी हे खरोखर मोठं पाऊल आहे, त्यात शंका नाही. पण समोर पाहत असताना हात खाली काम करतात, आणि डोळा नि हात यांची ही फारकत अंगवळणी पडायला वेळ लागतो. लूपच्या खालून पेशंटचा चेहरा दिसतो, मात्र ट्रेमधलं हत्यार उचलताना गडबड होते, म्हणून शेजारी हत्यार हातात देणारा असिस्टंट असला तर सोपं जातं. ते जडही असतात आणि महागही.

किती पट मोठं दिसावं, याची हौस पुष्कळांना असते. सुरुवातीला अडीच पट पुरतं. त्यात शेजारचे बरेच दात एकदम दिसतात आणि डोकं थोडं हललं तरी चित्र टिकतं. पाच पटीच्या लूपमध्ये एक-दोन दातच दिसतात आणि ज्या पट्ट्यात चित्र स्पष्ट राहतं तो अगदी अरुंद होतो. डोकं थोडं सरकलं तरी धूसर. म्हणजे जितकं मोठं दिसतं, तितकं डोकं एका जागी खिळतं. रूट कॅनाल करणाऱ्यांना ते लागतं. दिवसभर सिमेंट भरणाऱ्याने ते मिरवायला घेऊ नये.

सगळं जुळलं तरी एक किरकोळ वाटणारी गोष्ट घात करते. ती म्हणजे ओला आरसा. वरची दाढ आरशातून पाहायची म्हटलं, तर ड्रिलचं पाणी आरशावर उडतं, पेशंटच्या श्वासाने तो धुरकटतो आणि दिसेनासं होतं. दोनदा तसं झालं की डॉक्टर आरसा सोडतो, मान तिरकी करून खालून थेट दाढ पाहू लागतो आणि उरलेलं काम तसंच उरकतो. असिस्टंटने एका हाताने जोराचा सक्शन आणि दुसऱ्याने आरशावर हवेचा झोत धरला तर हे टळतं. पण आपल्याकडच्या लहान क्लिनिकमध्ये तोच असिस्टंट फोनही घेतो, हत्यारंही उकळतो, पुढच्या पेशंटला आतही आणतो. मानेच्या दुखण्यावर हजारो रुपयांचा लूप घेणाऱ्या डॉक्टरने आधी दुसऱ्या मदतनिसाच्या पगाराचा हिशेब करून पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण कसे बसतो हे डॉक्टरला स्वतःला कळत नाही. सवयीचं वाकणं शरीराला सरळच वाटतं. म्हणून सगळ्यांत खात्रीची तपासणी फोनच्या कॅमेऱ्याने होते. असिस्टंटला सांगून ठेवायचं, की पेशंटची परवानगी घेऊन, काम रंगात आलं असताना, मला न सांगता बाजूने फोटो काढ. दुपारी एक, संध्याकाळी एक, कारण सकाळचा फोटो नेहमीच बरा येतो. त्यात कान खांद्याच्या किती पुढे गेलाय, कोपर अंगापासून किती सुटलंय आणि पाठ स्टुलाला टेकलीय की अधांतरी आहे, एवढंच पाहायचं. कान खांद्याच्या पुढे असेल तर लूपचं अंतर किंवा उतार तपासावा. खांदे वर असतील तर खुर्चीची उंची. डॉक्टर स्टुलाच्या कडेवर बसलेला दिसला तर गुडघ्यांना आत जागा नाही.

लूप लावणाऱ्यांची बसण्याची ढब सुधारते, असं अभ्यासांत बऱ्यापैकी सातत्याने दिसतं. दुखणंही तेवढंच कमी होतं का, याचे पुरावे त्या मानाने तोकडे आहेत. दुखण्याला झोप, ताण, जुनी इजा अशी दुसरी कारणंही असतात. म्हणून एक इलाज बिनखर्चाचा जोडावा लागतो. इंजेक्शन दिल्यावर बधिर व्हायला लागणारी मिनिटं, सिमेंटवर निळा दिवा धरल्याचे सेकंद, एक्स-रे घेताना बाहेर उभं राहणं, या फटींत उलट्या दिशेने ताण द्यायचा: खांदे मागे, छाती पुढे, मान ज्या बाजूला कललेली होती तिच्या विरुद्ध बाजूला. स्नायूत रक्त परत येण्यासाठी तीसेक सेकंदांनीही फरक पडतो. आणि लागोपाठ तीन वरच्या दाढा न घेता मध्ये एखादं सोपं, उभ्याने होणारं काम घेतलं तरी मानेला श्वास मिळतो. हाताला मुंग्या येत असतील, चिमटीतून हत्यार निसटत असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तर मात्र स्टूल बदलत बसू नये. ते दुखणं नसेचं असू शकतं आणि डॉक्टरनेही डॉक्टरकडे जावं.

शेवटी असे पेशंट उरतात ज्यांना नियमात बसवता येत नाही. हृदयाचा आजार असलेल्या आजोबांना सपाट निजवलं तर धाप लागते. कुबड आलेल्या आजींची मान मागे जातच नाही. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला उताणं निजवलं तर गर्भाशयाच्या वजनाने मोठी शीर दाबली जाऊन घेरी येऊ शकते, म्हणून तिला थोडं डाव्या कुशीवर कलतं ठेवतात. अशा वेळी तोंड हव्या त्या जागी येणार नाही, हे मान्य करून डॉक्टरने स्टूल सरकवून सरळ उभं राहावं, खुर्ची वर घ्यावी, काम दोन-तीन छोट्या बैठकींत वाटावं आणि ती बैठक सकाळी, मान ताजी असताना ठेवावी. आजोबांच्या पाठीमागे उशी द्यावी, आजींच्या मानेखाली गुंडाळलेला टॉवेल. वरची मागची दाढ असेल तर उभ्यानेही आरसा लागतोच, आणि तो पुसायला असिस्टंटही.